मातीची हंडी आणि काचेची बरणी न फुटता पोचवायची कशी? छोट्या विक्रेत्यांचे नेहमीचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून घरबसल्या विक्री करणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणी मातीची भांडी पाठवतं, कुणी काचेच्या बरण्यांतून मध आणि लोणचं. उदाहरणासाठी इथे शेवटपर्यंत एकच वस्तू धरली आहे: झाकण असलेली दोन लिटरची मातीची हंडी. तिचं पोट २० सेंटिमीटर रुंद, उंची १५ सेंटिमीटर, वजन १.८ किलो. ही हंडी नीट पोचली की बाकीचं सोपं जातं. काचेच्या बरण्यांचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

बबल रॅप भरपूर गुंडाळतो, तरी फुटतं. का?

बबल रॅप हंडीला चिकटून असतो. तो ओरखडे आणि टवके टाळतो. खोका पडला की मात्र हंडीला थांबायला जागा लागते, आणि ती जागा बबल रॅपच्या दोन-तीन फेऱ्यांत मिळत नाही.

हिशोब सोपा आहे. टेबलाच्या उंचीवरून, म्हणजे साधारण ७५ सेंटिमीटरवरून, खोका पडला आणि आतली हंडी फक्त २ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तिच्यावर तिच्या वजनाच्या जवळपास ३७५ पट जोर येतो. तीच हंडी अडीच सेंटिमीटर दबत दबत थांबली, तर जोर ३० पटींवर उतरतो. १.८ किलोच्या हंडीसाठी पहिला आकडा पावणेसातशे किलोच्या घरात जातो आणि दुसरा ५४ किलोच्या. भाजलेली माती दुसरा सोसते, पहिला नाही. तोही जोर एका बिंदूवर न येता पसरून यायला हवा, ते पुढे येईल.

म्हणून हंडी आणि बाहेरचा खोका यांच्यामध्ये सहाही बाजूंनी ५ सेंटिमीटर दबणारा थर हवा. तो निम्मा दबला तर अडीच सेंटिमीटर मिळतात. चार बाजूंना व्यवस्थित भरून तळाला फक्त एक घडी घातलेलं वर्तमानपत्र, ही चूक सर्वांत जास्त दिसते. हंडीचं बूड फुटून आलं तर आधी तिकडे बघा.

खोका कुठला घ्यायचा? तासगावकडे द्राक्षांचे खोके स्वस्तात मिळतात, ते चालतील का?

बाहेरचा खोका पाच पदरी घ्या. त्यात कागदाचे तीन सपाट थर आणि मध्ये नालीदार कागदाचे दोन थर असतात. तीन पदरी खोका आतल्या डब्यासाठी ठीक आहे. बाहेरून वापरलात आणि त्यावर दुसरी वीसेक किलोची पार्सलं आली, तर कोपरे बसतात.

द्राक्षांचे आणि बेदाण्याचे खोके दिसायला दणकट असतात, पण त्यांत दोन अडचणी आहेत. द्राक्षांच्या खोक्याला हवेसाठी भोकं पाडलेली असतात, तिथे पुठ्ठा कमकुवत होतो. शिवाय हे खोके शीतगृहात राहिलेले असतात. पुठ्ठा ओल शोषतो, आणि ओल शोषलेल्या पुठ्ठ्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. वाळल्यावर ती पूर्ण परत येत नाही, कारण नाल्या एकदा बसल्या की बसल्या.

जुना खोका वापरायचाच असेल तर त्याची कड अंगठ्याने दाबून बघा. कडक लागली तर घ्या. स्पंजासारखी दबली किंवा कोपऱ्यावर आधीची घडी दिसली, तर त्याचा उपयोग आतले तुकडे आणि चकत्या कापायला करा. नाल्या उभ्या राहतील अशाच बाजूने खोका ठेवा. आडव्या नाल्यांवर भार दिला तर खोका फार लवकर बसतो.

हंडी पॅक करायचा नेमका क्रम काय?

सुरुवात हंडी वाजवून घेण्यापासून. बोटाच्या पेराने पोटावर टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर आत कुठेतरी चीर आहे. अशी हंडी कितीही जपून पाठवली तरी वाटेत उघडी पडते आणि दोष पॅकिंगच्या माथी येतो. बाजारात मडकं घेताना घरातल्या बायका हेच करतात, पाठवताना मात्र आपण विसरतो.

आता पहिला थर. हंडीला आधी कोरा, छपाई नसलेला कागद लावा. लुकण, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप, न दिलेल्या मातीला वर्तमानपत्राची शाई लागते आणि ती धुऊन जात नाही. त्यावर छोट्या बुडबुड्यांच्या बबल रॅपच्या तीन फेऱ्या घाला, बुडबुडे आतल्या बाजूला. काठावर एक जादा पट्टी दुमडून बसवा. हंडीचा काठ पातळ असतो आणि पहिला टवका तिथेच उडतो.

मग बूड. हंडीचं बूड गोल असल्यामुळे सपाट पुठ्ठ्यावर ती एका बिंदूवर टेकते आणि धक्का बसला की सगळा भार त्या बिंदूतून जातो. बुडाला ताऱ्यासारखी चीर पडते ती यामुळे. उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: चुंबळ. डोक्यावर घागर ठेवायला करतात तशीच, पण कागदाची. वर्तमानपत्राची चार-पाच पानं पिळून १२ सेंटिमीटर व्यासाचं कडं करा, चिकटपट्टीने बांधा आणि त्यावर हंडी बसवा. बुडाचा मधला बिंदू अधांतरी राहिला पाहिजे. भार आता कड्याच्या पूर्ण वर्तुळावर वाटला जातो.

हंडीच्या आत कागदाचे सैल बोळे टाका, पण ठासू नका. भाजलेली माती दाब सोसते, ताण सोसत नाही. आतून ठासलेला कागद भिंतीला बाहेर ढकलत राहतो, त्यात धक्का बसला की उभी चीर जाते.

झाकण कधीही हंडीवर जसं बसतं तसं ठेवून पाठवू नका. प्रत्येक हादऱ्याला काठावर काठ आपटतो. झाकण उलटं करा, मूठ हंडीच्या आत जाऊ द्या, आणि झाकण व काठ यांच्यामध्ये पुठ्ठ्याची गोल चकती घाला. चकतीला मध्ये मुठीपुरतं भोक पाडा आणि दोन्ही बाजूंना बबल रॅपचा एकेक थर द्या. मूठ आतल्या बोळ्यांत मऊ बसली पाहिजे, तळाला टेकता कामा नये.

ही सगळी जुळणी तीन पदरी आतल्या खोक्यात जाते. त्याचं बाहेरचं माप २४ × २४ × २१ सेंटिमीटर पुरतं. हंडी त्यात हलता कामा नये. हलत असेल तर बाजूंना पुठ्ठ्याच्या घड्या सरकवा आणि खोका बंद करा.

शेवटी बाहेरचा पाच पदरी खोका, ३५ × ३५ × ३२ सेंटिमीटर. तळाला चुरगळलेल्या कागदाचा थर द्या. आतला खोका ठेवून हाताने दाबल्यावर तो ५ सेंटिमीटर उरला पाहिजे, म्हणजे सुरुवातीला सात-आठ सेंटिमीटर लागतो. मध्यभागी आतला खोका ठेवा, चारही बाजू भरा, मग वरचा भाग. पूर्ण उघडलेली वर्तमानपत्राची साधारण ४० ते ४५ पानं लागतात. झाकणाच्या फळ्या बंद करताना हलका विरोध जाणवला पाहिजे. सहज मिटल्या तर कागद कमी आहे, फुगून वर राहिल्या तर जास्त.

एका खोक्यात दुसरा खोका कशाला? नुसता कागद भरला तर?

नुसत्या कागदात हंडी सरकते. साताऱ्याहून निघालेला ट्रक खंबाटकी घाट ओलांडेपर्यंत खोका हजारो लहान हादरे खातो. प्रत्येक हादऱ्याला जड हंडी थोडी खाली बसते आणि कागद बाजूने वर येतो. नागपूरला पोचेपर्यंत हंडी तळाला टेकलेली असते आणि वर सगळा कागद. थर्माकोलच्या गोळ्यांत हे आणखी लवकर होतं.

आतल्या खोक्याला सपाट बाजू असतात. त्या कागदावर पसरून टेकतात, म्हणून तो गोल हंडीसारखा खाली घुसत नाही. आणि मोकळी जागा दोन्ही प्रकारांत तितकीच सोडायची असल्यामुळे बाहेरच्या मापात जेमतेम एखाद्या सेंटिमीटरचा फरक पडतो.

एवढा मोठा खोका केला तर कुरियरचे पैसे किती वाढतात?

वाढतात, आणि हीच खरी ओढाताण आहे. बऱ्याच कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. जो आकडा येतो तो किलोमधला आकारमानी भार. तो प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्यावर लागतात. काही ठिकाणी भाजक वेगळा असतो, म्हणून पहिल्यांदा विचारून घ्या.

आपली हंडी: ३५ × ३५ × ३२ म्हणजे ३९,२००, भागिले ५००० म्हणजे ७.८४. पुढच्या पूर्ण किलोला धरलं तर ८ किलो. प्रत्यक्ष वजन चार किलोच्या आत असलं तरी पैसे ८ किलोचे. झाकण उलटं न करता वेगळं वर ठेवलं असतं तर खोका ५ सेंटिमीटर उंच झाला असता आणि भार ९ किलोच्या पुढे गेला असता. काही जण मोकळी जागा साडेसात सेंटिमीटर ठेवायला सांगतात. ती जास्त सुरक्षित आहे यात शंका नाही, पण मग खोका ४० × ४० × ३७ होतो आणि भार जवळपास १२ किलो. चार हजारांच्या कलाकुसरीच्या सुरईला हा खर्च द्या. रोजच्या हंडीला ५ सेंटिमीटर पुरे.

आणि एक कटू गोष्ट: अडीच-तीनशे रुपयांची एकच हंडी लांबच्या शहरात पाठवण्यात अर्थ नाही. मोठ्या हंडीत लहान बसवून जोडी विका. त्या दोघींच्या मध्ये सगळीकडे अडीच सेंटिमीटर मऊ थर हवा. घरात उतरंड रचतात तशी मातीवर माती ठेवली तर दोन्ही जातात.

आमच्याकडे उसाचं पाचट आणि गव्हाचा भुसा फुकट मिळतो. तो का नाही भरायचा?

कुंभारवाड्यातून बाजारापर्यंत बैलगाडीने किंवा टेम्पोने भांडी न्यायची तर पेंढा उत्तमच. तिथे वाट तासा-दोन तासांची असते आणि गाडीतून उतरवताना हात मालकाचाच असतो. चार दिवसांच्या प्रवासात पेंढा बसतो, भुसा तर पिठासारखा खाली जातो. पाचटाची कड धारदार असते, ती बबल रॅप फाडते. ओलसर असेल तर बुरशी येते, आणि किडे गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात बाहेर पडतात. खाण्याच्या वस्तूबरोबर तर अजिबात नको.

मधाच्या आणि लोणच्याच्या काचेच्या बरण्यांना हेच लागू आहे का?

मोकळी जागा आणि खोका तोच, पण काचेचा स्वभाव वेगळा. नवी, ओरखडा नसलेली काच बरीच मजबूत असते. दोन बरण्या एकमेकींना घासल्या की पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि पुढचा साधा धक्काही तिथून चीर काढतो. म्हणून काचेला काच लागू न देणं हे पहिलं काम.

अर्धा किलो मधाच्या सहा बरण्या धरा. मध पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून अर्धा किलो मध साडेतीनशे मिलिलिटरच्या आसपासच जागा घेतो आणि बरणी लहान पण वजनदार होते. काचेसह प्रत्येकी सुमारे ७०० ग्रॅम, सहांचे सव्वाचार किलो. आतल्या खोक्यात पुठ्ठ्याच्या जाळीचे सहा खण करा. जाळीची उंची बरणीच्या झाकणापर्यंत हवी. ती खांद्यापर्यंतच असेल तर झाकणं एकमेकांवर आपटतात आणि धातूच्या झाकणाचा आटा वाकडा होऊन मध गळतो.

प्रत्येक बरणी आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, मग बबल रॅपची एक-दोन फेरी, मग खणात. ही पिशवी फुटणं थांबवत नाही. पण एक बरणी गेली तर मध बाकी पाचांवर, लेबलांवर आणि पुठ्ठ्यावर जात नाही. मध लागून भिजलेला तळ फाटतो, दुसऱ्यांची पार्सलंही खराब होतात, आणि मग परत येणारं पार्सल कुणाला हातात धरवत नाही.

लोणच्याच्या बरणीत तेल वर येतं. झाकणाखाली सीलची चकती चिकटवलेली नसेल तर आडवं पडलेलं पार्सल तेलकट होऊन पोचणारच. खोक्यावर ‘ही बाजू वर’ असे बाण रेखाटलेत म्हणून पार्सल उभं राहील असं धरू नका.

कपाचा कान नेहमी तुटतो. उपाय?

कान आणि कप यांच्यामधल्या पोकळीत मऊ कागद भरा, कान कपाच्या पोटाशी सपाट होईल इतका. मग पूर्ण कप गुंडाळा. कानावर बाहेरून जास्त बबल रॅप चढवला तर तो फुगवटा होतो आणि खोक्यात सगळा दाब त्यावरच येतो. बशा आणि ताटल्या आडव्या न रचता कडेवर उभ्या ठेवा. आडव्या रचल्या तर तळच्या ताटलीवर सगळ्यांचा धक्का एकदम येतो.

‘नाजूक’ असं स्टिकर लावल्यावर लोक जपून हाताळतात का?

लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. मोठ्या केंद्रात पार्सल पट्ट्यावरून घसरतं, पोत्यात इतरांबरोबर जातं, तिथे स्टिकर वाचायला वेळ कुणाला नसतो.

चिकटपट्टी किती आणि कशी?

४८ मिलिमीटरची खाकी पट्टी. मधल्या फटीवर एक आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक, वर आणि खाली दोन्हीकडे. फक्त मधली फट चिकटवली तर पार्सल कोपऱ्यावर पडल्यावर कड उघडते. पट्टी प्रत्येक बाजूला सात-आठ सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे. धूळ असलेल्या पुठ्ठ्याला ती धरत नाही, आधी फडक्याने पुसून घ्या.

पावसाळ्यात काय बदलायचं?

जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागातून जून ते सप्टेंबर पाठवत असाल तर आधी हंडी वाळलीय का ते बघा. लुकण न दिलेली माती हवेतली ओल पितेच. स्वयंपाकाच्या काट्यावर आज वजन करा, पंख्याखाली ठेवून उद्या करा. दोन्ही सारखी आली तर वाळली. वजन कमी होत असेल तर अजून ठेवा. ओली हंडी बबल रॅपमध्ये कोंडली तर पांढरट बुरशी धरून पोचते आणि गिऱ्हाईक ती खराब समजतं.

बाहेरचा खोका पूर्ण प्लॅस्टिकमध्ये गुंडाळण्यापेक्षा आतला खोका पिशवीत घाला. मग बाहेरचा खोका भिजला तरी आतला ताठ राहतो. आणि वर्तमानपत्राचे गठ्ठे पडवीत ठेवू नका. सर्द कागदाचे बोळे एकदा दबले की परत फुगत नाहीत.

पॅकिंग बरोबर झालं हे पाठवण्याआधी कसं कळेल?

खोका कानाशी धरून हलवा. आवाज येऊ नये, आणि आत वजन सरकल्याचंही जाणवू नये.

नवी पद्धत ठरवताना एकदा खरी परीक्षा घ्या. ‘इस्टा’ ही पॅकिंगच्या चाचण्या ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या ‘१ ए’ चाचणीत हलका खोका ७६ सेंटिमीटरवरून १० वेळा पाडतात: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. ७६ सेंटिमीटर म्हणजे जेवणाच्या टेबलाची उंची. टवका गेलेली, न विकता येणारी हंडी घ्या आणि फरशीवर हे करा. नुसतं पाडून ट्रकचे हादरे कळत नाहीत, त्यासाठी तोच खोका दोन दिवस टेम्पोत किंवा दुचाकीवर फिरवा आणि मग उघडा. वर बोटाएवढी पोकळी झाली असेल तर कागद कमी पडला.

फुटून परत आलं तर दोष कुठे होता ते कसं ओळखायचं?

गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा: खोका न फोडता सहाही बाजूंचे फोटो, मग उघडतानाचे, मग तुकड्यांचे. खापऱ्या टाकू नका म्हणावं.

बाहेरचा कोपरा चेपलेला आणि हंडी त्याच बाजूला फुटलेली असेल, तर पार्सल उंचावरून पडलं आणि त्या बाजूचा थर कमी होता. खोका बाहेरून नवा कोरा आणि आत चुरा असेल, तर वस्तू आत हलत होती. दोन वस्तूंवर समोरासमोर लाल भुकटीचे डाग दिसले, तर त्या तिथे एकमेकींना लागत होत्या. फक्त काठाचा टवका गेला असेल तर झाकणाकडे बघा, बुडाला तारा असेल तर चुंबळीकडे. आणि कुठेही धक्क्याची खूण नसताना एक सरळ उभी चीर वरपासून खालपर्यंत गेली असेल, तर आत कागद ठासला होता किंवा चीर आधीपासूनच होती. चिरेच्या कडा बघा: ताजी मोड आतून स्वच्छ असते, जुन्या चिरेत धूळ किंवा काजळी बसलेली असते.

भरपाई मिळते का?

अनेक कुरियर कंपन्या काच आणि मातीच्या वस्तू फुटल्यास जबाबदारी घेत नाहीत, किंवा घेतात तेव्हा पॅकिंग पुरेसं होतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. पावतीमागचा मजकूर बुकिंग करताना वाचा. खोका बंद करण्याआधी आतल्या थरांचे तीन-चार फोटो काढून ठेवलेत, तर वाद घालायला हातात काहीतरी असतं.